नाव बदललं, तरी बाई ओळखू आली

दुसरा परिच्छेद संपता संपता सहकारी थांबली. कागद टेबलावर ठेवून म्हणाली, "ही कोण आहे ते कळलं मला. पुढचं वाचू की नको?"

समुपदेशकांच्या एका अंकासाठी मी माझ्या एका क्लायंटची केस लिहिली होती आणि छपाईला देण्याआधी तिला वाचायला दिली होती. तिने ना क्लायंटला कधी पाहिलं होतं ना फाइल. नाव बदललेलं, वय 41 चं 38 केलेलं, गाव गाळलेलं. तरीही चार मिनिटांत ओळख पटली.

पुढे जाण्याआधी एक सांगून ठेवते. ती केस मी इथे जशीच्या तशी सांगणार नाही, हे उघड आहे. खालची बाई, तिचा व्यवसाय, तिचे वडील हे सगळं रचलेलं आहे. अडचणीची जात तेवढी मूळची ठेवली आहे.

तर मसुद्यातली बाई रुग्णवाहिका चालवायची. एका अनोळखी रुग्णाला घेऊन जाताना तिचा फोन वाजला. स्क्रीनवर वडिलांचं नाव होतं. तिने ते पाहिलं आणि गाडी न थांबवता फोन बाजूला ठेवला. वडिलांच्या छातीत दुखत होतं. त्यांच्याकडे दुसरी गाडी पोचेपर्यंत ते गेले होते. सात महिन्यांनी ती समुपदेशनाला आली तेव्हा फोन वाजला की तिचे हात कापायचे आणि स्टिअरिंगला हात लावणं तिने सोडून दिलं होतं.

सहकारीने नाव किंवा वय पाहून ओळखलं नव्हतं. बाई, रुग्णवाहिकेची चालक आणि ड्यूटीवर असताना वडील गेले, या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणून तिला कळलं. सुटी धरली तर यातली एकेक गोष्ट पुष्कळांना लागू पडते, पण तिन्ही एकावर एक ठेवल्या की एकच माणूस उरतो. लाटान्या स्वीनी या संशोधिकेने 2000 साली हेच आकड्यात दाखवलं: पाच आकडी पिनकोड, पूर्ण जन्मतारीख आणि लिंग एवढंच कळलं तरी अमेरिकेतली सुमारे 87 टक्के माणसं वेगळी ओळखता येऊ शकतात. आपण केस लिहितो तेव्हा तर याच्या कितीतरी पट जास्त तपशील देतो, आणि नाव बदललं की काम झालं असं समजतो.

मग मसुदा पुन्हा हातात घेतला. पहिला विचार व्यवसाय बदलण्याचा. पण काहीही बदलून चालत नाही, कारण केसचा जीव कुठे आहे ते आधी ठरवावं लागतं. मी कागदावर मधोमध रेघ मारली. डाव्या बाजूला, ज्याच्याशिवाय केसच उरत नाही ते: परक्याला मदत करताना आपलं माणूस गेलं, हाक कानावर आली होती आणि न थांबण्याचा निर्णय तिचा स्वतःचा होता. उजव्या बाजूला बाकीचं सगळं: वाहन, वडील, हृदयविकार, वय, मुलं किती. उजवीकडचं हवं तसं बदलावं, डावीकडच्याला हात लावू नये.

रुग्णवाहिकेची चालक काढून वॉर्डातली नर्स केली. नर्स हजारोंनी असतात, त्यामुळे व्यवसायावरून कोणी सापडत नाही. वडिलांऐवजी आई, हृदयविकाराऐवजी पक्षाघात. इथवर ठीक होतं. मग सोयीचं म्हणून लिहून टाकलं, 'फोन लॉकरमध्ये होता, शिफ्ट संपल्यावर पंधरा मिस्ड कॉल दिसले.' वाचायला छान वाटलं, पण केस तिथेच मेली. जिने फोन पाहिलाच नाही तिला हळहळ वाटेल. जिने नाव वाचून फोन बाजूला ठेवला तिची अपराधी भावना वेगळी, आणि सेशनमधलं काम सगळं त्या दुसऱ्या भावनेवरचं होतं. वाचणाऱ्याने असल्या बदललेल्या केसवरून आपल्या क्लायंटसाठी काही उचललं तर ते चुकीचंच असणार. म्हणून फोन परत नर्सच्या खिशात आला. ती रुग्णाचं सलाईन लावत असताना तो थरथरतो, ती नाव बघते आणि परत खिशात टाकते.

काळाचंही तसंच. सात महिन्यांचे पाच करावेत असं वाटलं होतं. दोन महिन्यांनी काय बिघडतं? बिघडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या यादीत प्रोलाँग्ड ग्रीफ डिसऑर्डर, म्हणजे लांबलेल्या शोकाच्या विकाराचं निदान करायला मृत्यूनंतर किमान सहा महिने जावे लागतात. (अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या डीएसएम-5-टीआर या निदान-पुस्तिकेत मोठ्या माणसांसाठी बारा.) पाच महिने लिहिले की त्या निकषाने निदानाचा प्रश्नच येत नाही. सात किंवा आठ लिहिता येतात, पाच नाही. तारीख, महिना, सण, पाऊस हे मात्र बेलाशक गाळावं.

बाईचं एक वाक्य मला फार आवडलं होतं आणि ते अवतरणात दिलं होतं. अवतरण ही सगळ्यात फसवी जागा. घरच्या माणसाला व्यवसाय बदललेला चालून जातो, पण बोलण्याची ढब तो चुकत नाही. शिवाय तेच वाक्य तिने कुठे सार्वजनिक लिहिलं असेल तर शोधयंत्रात टाकल्यावर सरळ तिच्यापाशी नेतं. अर्थ ठेवला, शब्द माझे घातले.

फाइलच्या नावात क्लायंटची आद्याक्षरं होती हे सगळ्यात शेवटी लक्षात आलं, आणि जुन्या दुरुस्त्यांमध्ये मूळ व्यवसायही तसाच पडून होता. वर्डमध्ये `File > Info > Check for Issues > Inspect Document` इथून जुन्या दुरुस्त्या साफ करता येतात, फाइलचं नाव मात्र स्वतः बदलावं लागतं. पण मी मजकूर नव्या कोऱ्या फाइलमध्ये साध्या अक्षरांत चिकटवते. त्यात चुकायला जागा कमी.

छापताना 'ओळख लपवण्यासाठी तपशील बदलले आहेत' एवढं एक वाक्य घालावं. कोणते बदलले त्याची यादी देऊ नये, कारण ती उलटी वाचली की मूळ माणूस हाती लागतो.

एवढं झाल्यावर संमतीचं काम. वेश बदलला म्हणून विचारायचं नाही, हे मला पटत नाही. फ्रॉइडने 1905 साली 'डोरा' या टोपणनावाने आपल्या एका रुग्ण मुलीची केस छापली तेव्हा घेतलेल्या खबरदाऱ्या प्रस्तावनेत सांगितल्या, आणि लेख खुद्द तिच्याच हाती पडला तर तिला यातना होतील, त्या आपण टाळू शकत नाही, असंही लिहून टाकलं. लेख ओळखणारा पहिला वाचक क्लायंट स्वतःच असतो. सेशन चालू असताना विचारलं तर नाही म्हणणं त्याला जड जातं. म्हणून काम संपल्यावर, शक्यतो दुसऱ्या कोणाकरवी विचारावं, मसुदा घरी नेऊ द्यावा आणि निदान आठवडाभर वेळ द्यावा. छापल्यावर मागे घेता येणार नाही, हेही तेव्हाच स्पष्ट सांगावं.

माझ्या क्लायंटने मसुदा परत आणला तेव्हा नर्सवर तिला आक्षेप नव्हता. चौथ्या पानावर एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती. नवऱ्याचं पिणं वाढलं होतं, असं मी तिथे अर्ध्या वाक्यात लिहिलं होतं. "माझं लिहा," ती म्हणाली, "त्यांना कुठे विचारलंय तुम्ही?"

ते अर्ध वाक्य काढलं. केसचं काही अडलं नाही.