लिंबाच्या रसाचा अहवाल: शीर्षकातला एकेक शब्द तपासताना

प्रकल्पांच्या सबमिशनला आलेल्या एका अहवालाचं शीर्षक होतं ‘लिंबाच्या रसातील क जीवनसत्त्वाचा अभ्यास’. आतला प्रयोग नेटका होता. शीर्षकावरून मात्र लिंबं आणि जीवनसत्त्व यांपलीकडे काही कळत नव्हतं. जर्नलमधल्या ‘उद्देश’ या ओळीतून ‘करणे’ तेवढं काढायचं आणि उरलेलं वर लिहायचं, ही सवय आम्ही शिक्षकांनीच लावली आहे. मॅन्युअलमधलं एकच शीर्षक दरवर्षी सगळ्या बॅचना देणारे सहकारी आहेत. त्यामुळे आपण नेमकं काय बदललं आणि काय मोजलं, हा प्रश्न मुलांना कधी पडतच नाही.

प्रयोग असा होता. गाळलेला ताजा रस, दर वेळेसाठी वेगळा १०० मिली, रुंद बीकरमध्ये ९० अंश सेल्सिअसला ०, १०, २० आणि ३० मिनिटं ठेवायचा. थंड झाला की त्यातला २० मिली घेऊन, स्टार्चचे थेंब टाकून ०.००५ मोलर आयोडीनने टायट्रेशन करायचं. निळा-काळा रंग हलवूनही टिकला की थांबायचं. या आयोडीनचा १ मिली म्हणजे ०.८८ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व.

गटाने सुधारून आणलेलं शीर्षक होतं ‘तापमानाचा लिंबूरसातील क जीवनसत्त्वाच्या प्रमाणावर परिणाम’. वाचायला बरं, पण निरीक्षण तक्त्याशेजारी ठेवलं की चूक दिसते. तक्त्याच्या पहिल्या रकान्यात मिनिटं आहेत. तापमान एकच होतं, ते बदललंच नाही. बदलला तो वेळ. मी मुलांना सांगते ती कसोटी साधी आहे: ‘परिणाम’ कशाचा ते पहिल्या रकान्याच्या मथळ्यात सापडलं पाहिजे आणि कशावर ते शेवटच्या रकान्याच्या. स्थिर ठेवलेली गोष्ट वगळली तर निष्कर्ष बदलत असेल, तरच ती शीर्षकात घ्यायची. ९० अंश म्हणूनच आत आलं. ब्युरेट, स्टार्च, गाळणी यांची जागा ‘कृती’त.

खरी अडचण ‘प्रमाण’ या शब्दाने केली. न तापवलेल्या २० मिली रसाला १०.० मिली आयोडीन लागलं, म्हणजे १०० मिलीत ४४ मिलिग्रॅम. ३० मिनिटांनंतर ९.५ मिली लागलं, म्हणजे १०० मिलीमागे ४१.८. घट जेमतेम ५ टक्के, आणि गटाने निष्कर्षात ‘फारसा फरक नाही’ असं लिहिलं होतं. पण बीकर उघडा होता आणि ३० मिनिटांनी त्यात रस ८० मिलीच उरला होता. ही नोंद वहीत होती, गणितात नव्हती. ८० मिलीत उरलेलं जीवनसत्त्व ३३.४ मिलिग्रॅम, म्हणजे मूळच्या ४४ मधून सुमारे २४ टक्के गेलं. पाणी उडाल्याने रस दाट झाला आणि नाश झाकला गेला. ‘प्रमाण’ म्हणजे दर मिलीतलं की भांड्यातलं सगळं, हे शीर्षकासाठी ठरवायला बसल्यावर गणितच नव्याने करावं लागलं. शीर्षकात ‘एकूण मात्रा’ आलं आणि निष्कर्ष उलटला.

‘ताज्या’ हा शब्द एका परीक्षकाला फालतू वाटला. मला तो हवाच होता. बाटलीबंद लिंबूरसात पोटॅशियम मेटाबायसल्फाइट असू शकतं आणि सल्फाइटही आयोडीन खातं. तशा रसाचं रीडिंग फुगतं आणि ते फुगवटं जीवनसत्त्वाच्या नावावर जमा होतं. कुणी हाच प्रयोग बाटलीतल्या रसावर केला आणि आकडे जुळले नाहीत, तर कारण शीर्षकातच सापडावं.

एकाने ‘उष्णतेमुळे क जीवनसत्त्व नष्ट होते’ असं सुचवलं होतं. ते लहान आहे, ठसठशीतही आहे, पण एका फळाच्या रसावरून आणि एका तापमानावरून इतकं सरसकट म्हणता येत नाही.

ठरलं ते असं: ‘९० अंश सेल्सिअसला तापवलेल्या ताज्या लिंबूरसातील क जीवनसत्त्वाच्या एकूण मात्रेवर वेळेचा परिणाम’. बारा शब्द. यातला कुठलाही काढून पाहिला तर काहीतरी बिघडतं. ‘उघड्या भांड्यात’ हेही घ्यावं का यावर बराच वाद झाला. हवेतल्या ऑक्सिजननेही हे जीवनसत्त्व नासतं, तेव्हा घेण्याला आधार होता. पण झाकलेल्या भांड्याची तुलना प्रयोगात नव्हती आणि शीर्षक लांबत होतं, म्हणून ते कृतीत गेलं.

‘क जीवनसत्त्व’ याबद्दल माझं अजून समाधान झालेलं नाही. आयोडीन फक्त तेच मोजत नाही, रसातला आयोडीनशी क्रिया करणारा प्रत्येक पदार्थ मोजतं. ताज्या लिंबात असे इतर पदार्थ थोडे म्हणून चालून जातं. अर्धा तास तापवलेल्या रसातही ते थोडेच राहतात का, हे या प्रयोगात कुणी तपासलेलं नाही. पुढच्या गटाने तोच रस इंडोफिनॉल रंजकानेही टायट्रेट करावा, असं मी सुचवलं आहे. दोन्ही आकडे जवळ आले तर शीर्षक आहे तसं राहील. नाही आले, तर त्यातलं ‘क जीवनसत्त्व’ बदलावं लागेल.