सत्तर टक्के, पण किती पक्के?

आमची संस्था छोटी. मराठवाड्यातल्या एका तालुक्यात आम्ही लागोपाठ दोन वर्षं बालकांच्या लसीकरणाची पाहणी केली. दुसऱ्या वर्षीचा अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलं आणि मी ते एका संध्याकाळीच उरकलं. १२ ते २३ महिने वयाची २१० मुलं पाहिली होती, त्यांतल्या १४७ जणांचं लसीकरण पूर्ण, म्हणजे ७० टक्के. आदल्या वर्षी २१० पैकी १३४, म्हणजे ६४. मथळा आपोआप सुचला, ‘लसीकरणात सहा टक्क्यांची वाढ’.

पाठवण्यापूर्वी कच्चा अहवाल आमच्या सरांना दाखवला. सर सांख्यिकीचे निवृत्त प्राध्यापक, अधूनमधून आमच्याकडे येतात. त्यांनी चहा संपेपर्यंत काही विचारलं नाही. मग म्हणाले, “उद्या हीच पाहणी दुसऱ्या २१० मुलांवर केली तर पुन्हा ७० च येतील का?” मी म्हटलं, थोडं इकडे-तिकडे होईल. “मग ते इकडे-तिकडे किती, ते अहवालात कुठे आहे?”

सूत्र मला माहीत होतं, बी.एस्सी.ला पाठ केलेलं. ०.७ गुणिले ०.३, भागिले २१०, त्याचं वर्गमूळ. उत्तर ३.२ टक्के. ही प्रमाण त्रुटी. तिला १.९६ ने गुणलं की ६.२. म्हणजे खरा आकडा ज्यात असावा असा पट्टा, ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल, ६४ ते ७६. मी मोठ्या दिमाखात आकडा पुढे केला. सरांनी मान हलवली. “ही २१० मुलं तालुकाभर विखुरलेली होती का?”

नव्हती. आमची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेची जुनी ‘तीस गुणिले सात’. लोकसंख्येच्या प्रमाणात ३० गावं निवडायची आणि प्रत्येक गावात ७ मुलं पाहायची. खेडोपाडी फिरायला हे सोयीचं आहे, पण एका गावातली सात मुलं एकमेकांसारखी असतात. नर्सताई जिथे महिन्याच्या महिन्याला पोहोचतात तिथे सातही जणांच्या कार्डावर शिक्के दिसतात. जिथे ओढ्याला पाणी आलं की वाटच बंद होते, तिथे सातांपैकी दोघांच्या. सातवं मूल पाहून फारसं नवीन काही कळत नाही. त्यामुळे मोजली २१०, पण त्यांच्याकडून मिळालेली माहिती तेवढी नव्हती.

किती कमी, हे शोधायची सरांनी दाखवलेली रीत इतकी सोपी होती की मला आधी ती फसवी वाटली. मुलं विसरून जा म्हणाले, आता तुझ्याकडे फक्त ३० आकडे आहेत, प्रत्येक गावाची टक्केवारी. त्या तीस आकड्यांचं प्रमाण विचलन काढ आणि ३० च्या वर्गमुळाने भाग. विचलन आलं २४.५, वर्गमूळ ५.४८, भागाकार ४.५. प्रत्येक गावातून सातच मुलं घेतल्यामुळे हे एवढ्यावर भागतं, नाहीतर भार द्यावा लागतो. मघाची ३.२ टक्के त्रुटी ४.५ झाली. तिचा वर्ग दुपटीला पोहोचला, याला डिझाइन इफेक्ट म्हणतात. आमची २१० मुलं साधारण १०५ स्वतंत्र मुलांच्या किमतीची होती. इंटरव्हल झाला ६१ ते ७९.

खरं तर ही दुप्पट त्या पद्धतीच्या रचनेतच धरलेली आहे. दोन्हीकडे दहा टक्क्यांची ढील चालत असेल तर साध्या नमुन्याला ९६ मुलं पुरतात. त्याची दुप्पट १९२. ती ३० गावांत वाटली की प्रत्येकी सहा-साडेसहा, म्हणून सात. मी दोन वर्षं ‘तीस गुणिले सात’ म्हणत होतो, हा सात कुठून आला हे कधी विचारलं नव्हतं.

मग माझ्या मथळ्याकडे वळलो. मला वाटलं, दोन वर्षांचे इंटरव्हल शेजारी ठेवायचे आणि एकमेकांवर चढतात का पाहायचं. सर म्हणाले, तसं करू नकोस. ते थोडेसे एकमेकांवर चढले तरी फरक पक्का असू शकतो. प्रश्न फरकाचा आहे, तर इंटरव्हलही फरकाचा काढ. दोन्ही वर्षांच्या त्रुटींचे वर्ग, त्यांची बेरीज, वर्गमूळ. आलं साडेसहा. फरक ६ चा, इंटरव्हल उणे ७ ते अधिक १९. शून्य आत आहे, तेव्हा ‘वाढ झाली’ म्हणता येत नाही. पण १९ सुद्धा आतच आहे, तेव्हा ‘वाढ झाली नाही’ असंही नाही. एवढ्या नमुन्यावर ते ठरवताच येत नव्हतं. मथळा मी खोडला. तीन दिवस आधी हाच मथळा मी फोनवर दोघातिघांना ऐकवलाही होता, हे सरांना सांगितलं नाही.

‘९५ टक्के’ या शब्दांवरही मी अडकलो. ‘खरा आकडा ६१ ते ७९ मध्ये असण्याची शक्यता ९५ टक्के’ असं लिहिलं, तर सरांनी तेही कापलं. खरा आकडा एकच आहे आणि तो जागचा हलत नाही, प्रत्येक पाहणीगणिक हलतो तो इंटरव्हल. या रीतीने शंभर पाहण्या केल्या तर साधारण ९५ इंटरव्हल खऱ्या आकड्याला पोटात घेतील. आपला त्या ९५ मधला की उरलेल्या पाचांतला, हे कळायला मार्ग नाही. सांख्यिकीतज्ज्ञ येर्झी नेमन यांनी १९३७ मध्ये ही कल्पना अशीच मांडली. साताऱ्यातल्या बुध गावचे सांख्यिकीतज्ज्ञ पां. वा. सुखात्मे लंडनमध्ये त्यांच्याच हाताखाली शिकले, ही माहिती सरांनी जाता जाता, थोड्या अभिमानाने दिली.

एक गोष्ट मात्र कुठल्याच सूत्रात बसली नाही. पहिली पाहणी जानेवारीत झाली होती, दुसरी जूनमध्ये. जानेवारीत आमच्याकडची कित्येक घरं कुलूपबंद असतात, माणसं ऊसतोडीला गेलेली. आम्ही शेजारच्या घरातलं मूल घेतलं होतं. फडावरच्या मुलांच्या लशी जास्त चुकतात, म्हणजे पहिल्या वर्षीचे ६४ बहुधा फुगलेले होते. इंटरव्हल फक्त निवडीतल्या नशिबाचा हिशेब सांगतो, बंद दाराचा सांगत नाही. हे मी तळटीपेत न टाकता आकड्याच्या लगेच पुढच्या वाक्यात लिहिलं.

अखेर अहवालात गेलं ते असं: ‘पूर्ण लसीकरण ७० टक्के (९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल ६१ ते ७९, ३० गावं, २१० बालकं, गावनिहाय साम्य हिशेबात धरलं आहे).’ ७०.० मधला शून्य काढून टाकला. जिथे नऊ-नऊ टक्के इकडे-तिकडे आहेत तिथे दशांश कशाला?

तालुक्याचे आरोग्य अधिकारी हे वाचून वैतागतील असं वाटत होतं. त्यांनी बोट थेट ७९ वर ठेवलं. “म्हणजे चांगल्यात चांगलं धरलं तरी नव्वद नाही?” सरकारच्या लसीकरण मोहिमेचं, मिशन इंद्रधनुष्यचं लक्ष्य ९० टक्के होतं. नाही साहेब, म्हटलं. नुसत्या ७० ला ते ‘पाहणी छोटी होती’ म्हणून सहज झटकू शकले असते.

मग त्यांनी सातांपैकी दोनच मुलांचं लसीकरण पूर्ण असलेल्या गावाचं नाव मागितलं, नोटीस काढायला. मी त्या गावाचा इंटरव्हल साध्या सूत्राने काढून दाखवला. उणे ५ ते ६२ टक्के. उणे पाच टक्के मुलं पाहून साहेब हसले. इतक्या लहान नमुन्यावर ते सूत्र कोलमडतं, तिथे विल्सनचं वापरावं लागतं. आर या सांख्यिकीच्या संगणक भाषेत ते एका ओळीचं काम आहे:

```r
prop.test(2, 7, correct = FALSE)
```

आलं ८ ते ६४ टक्के. “यावर नोटीस निघते का?” मी विचारलं. साहेबांनी नाव लिहून घेतलं, पण नोटिशीऐवजी त्या उपकेंद्राचं रजिस्टर मागवलं.