अक्षता पडल्या म्हणजे लग्न लागलं का?

"जळगावच्या लग्नाला परदेशातले पाहुणे येणार आहेत. हळद, सीमांत, सप्तपदी म्हणजे काय आणि नेमकं लग्न लागतं कधी, हे त्यांना कसं सांगायचं?"

हळद आणि सीमांतपूजन थोडक्यात सांगितलं तरी चालतं. नवरदेवाला सुवासिनी हळद लावतात आणि उरलेली, म्हणजे उष्टी हळद नवरीकडे जाते. पाहुण्यांना जुने कपडे घालायला सांगा. डाग पडलाच तर साबण लागताच तो लालभडक दिसतो. साबणातल्या क्षारामुळे तसं होतं, घाबरायचं कारण नाही. धुऊन आपल्या खानदेशी उन्हात वाळवलं की पिवळेपणा बराच उडतो.

वऱ्हाड पूर्वी गावाच्या शिवेवर थांबायचं आणि नवरीकडचे तिथे जाऊन मान द्यायचे, ते सीमांतपूजन. आता ते मंगल कार्यालयात होतं. नवरदेवाचे पाय धुतात, त्याला कपडे देतात. पाहुणे हे नेटवर शोधणार असतील तर एक आधीच सांगून ठेवा : तिथे सापडणारं सीमंतोन्नयन हा गर्भवतीचा संस्कार, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

खरा गोंधळ पुढे होतो. अंतरपाट, मंगलाष्टकं, प्रत्येक "सावधान"ला अक्षता, मग हार आणि वाजंत्री. पाहुण्यांना वाटतं, लग्न लागलं. तेवढ्यात वरण-बट्टीची पंगत बसते आणि सगळे उठतात. सप्तपदी त्यानंतर, पाचपन्नास माणसांत होते.

होमाच्या उत्तरेला तांदळाच्या सात लहान राशी एका ओळीत मांडतात. नवरी एकेका राशीवर उजवं पाऊल ठेवत पुढे जाते आणि नवरदेव तिच्यासोबत चालतो. दर पावलाला भटजी एक छोटा मंत्र म्हणतात. पहिलं पाऊल अन्नासाठी, दुसरं बळासाठी, मग धन, सुख, संतती आणि ऋतू. सातव्याला "सखा सप्तपदी भव" म्हणतात : सातवं पाऊल टाक आणि माझी सखी हो. पाहुण्यांना सहा पावलं लक्षात राहिली नाहीत तरी हे सातवं समजावून सांगाच. संसाराला लागणारं सगळं मागून झाल्यावर शेवटी मैत्री मागितली आहे.

अग्नीभोवतीचे फेरे वेगळे. ते लाजाहोमात, लाह्या अग्नीत टाकताना घेतात. सप्तपदी मात्र सरळ रेषेत चालायची असते. घाईत फोटोवाले जोडप्याला अग्नीभोवती सात वेळा फिरवतात आणि राशी तशाच राहतात, म्हणून भटजींशी आधीच बोलून ठेवा. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यातही, ज्या विवाहविधीत सप्तपदी असते तिथे सातवं पाऊल पडल्यावर विवाह पूर्ण होतो, असं कलम 7 मध्ये म्हटलं आहे.

तेव्हा पाहुण्यांची पंगत थोडी उशिरा लावा. लाह्यांचं सूप होमाजवळ आलं की त्यांना बोलवा आणि राशी दिसतील अशा बाजूला खुर्च्या मांडा. फोटोवाल्यांच्या मागे बसवलंत तर त्यांना पाठी तेवढ्या दिसतील.