कॉलेज सर्व्हे अपडेट: सॅम्पल ठरलं, बसचा प्रश्न बदलला

मागच्या वेळी विषय ठरल्याचं सांगितलं होतं, बसने येणाऱ्या मुलांचा पहिला तास किती चुकतो आणि येण्याजाण्याला खर्च किती होतो. असाइनमेंट रिसर्च मेथड्सची आहे पण खरं सांगायचं तर मार्कांपेक्षा मला प्लॅन जुळवण्यातच जास्त रस आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी सॅम्पल. ग्रुपमधल्या सगळ्यांचं म्हणणं होतं की सकाळी पहिल्या तासाला वर्गात जाऊन फॉर्म वाटू, एका दिवसात काम संपेल. पण खानापूर किंवा चंदगडकडून येणारी बस लेट झाली तर ती मुलं त्या तासाला वर्गात नसणारच, म्हणजे ज्यांच्यासाठी सर्व्हे करतोय तीच गळणार आणि निकाल येणार की फारसं कुणाचं काही चुकत नाही. व्हॉट्सॲपवर लिंक टाकली तर ज्याला बसचा राग आहे तोच भरणार, तिथं उलटी चूक. म्हणून ऑफिसकडून रोल नंबरांची यादी मागितली, नावं नकोत असं आधीच सांगून.

यादीत 840 मुलं, आर्ट्स 360, कॉमर्स 300, सायन्स 180. 95 टक्के खात्री आणि ±7 टक्के चूक चालेल असं धरलं की आधी 196 येतात, पण आपली एकूण संख्याच लहान आहे म्हणून ते कमी होतं:

```
n = 196 / (1 + 195/840) = 159.1
```

म्हणजे 160. ±5 धरलं असतं तर 264 लागले असते, चार जणांना तेवढ्यांच्या मागे फिरणं जमणार नाही. 160 ची वाटणी प्रमाणात केली, आर्ट्स 69, कॉमर्स 57, सायन्स 34. इथं एक मर्यादा लक्षात ठेवा, ±7 हे पूर्ण कॉलेजसाठी आहे, फक्त सायन्सच्या 34 वरून बोलायचं तर चूक ±15 च्या आसपास जाते, त्यामुळे रिपोर्टमध्ये "सायन्सवाल्यांचं असं" असं वाक्य लिहायचं नाही असं ठरलंय.

निवड दर काही नंबर सोडून. आर्ट्सचं 360 भागिले 69 म्हणजे 5.217. सरळ 5 धरायचा मोह होतो, पण 3 पासून सुरू करून 5-5 ने गेलं तर 69 वा मुलगा 343 वर संपतो आणि 344 ते 360 ला संधीच मिळत नाही, आणि यादीच्या शेवटी कोण असतं तर उशिरा ॲडमिशन घेतलेले! त्यामुळे अपूर्णांक तसाच ठेवला. कॅल्क्युलेटरवर Ran# दाबलं, 0.400 आलं, त्याला 5.217 ने गुणून 1 मिळवला की 3.087. पुढे प्रत्येक वेळी 5.217 मिळवत जायचं आणि दशांश सोडून द्यायचा, 3, 8, 13, 18, 23, 29 असं, शेवटचा 357. ज्याचा नंबर आला तो भेटला नाही तर शेजारच्याकडून भरून घ्यायचं नाही, वेगवेगळ्या वेळी परत जायचं, तीनदा नाही सापडला तर "मिळाला नाही" म्हणून नोंद.

आता प्रश्नावली, आणि यात सगळ्यात जास्त डोकं गेलं ते एका साध्या प्रश्नावर. "महिन्याला बसला किती खर्च येतो?" असं छापून काही ओळखीच्यांकडून भरून घेतलं. एकीने 0 लिहिलं कारण शक्ती योजनेत (जून 2023 पासून) कर्नाटकातल्या मुलींना साध्या सरकारी बसला तिकीट नाही. दुसऱ्याने पण 0, तो भावाच्या बाईकवर येतो. शिनोळीच्या मुलीने रिकामं सोडलं, ती महाराष्ट्राच्या बाजूची, तिला इथली सवलत लागू नाही आणि पासचा हिशेब तीन महिन्यांचा, महिन्याचं काय लिहायचं तिला कळेना. कागदावर दोन्ही शून्यं सारखीच दिसतात, सरासरी काढली असती तर ती कशाचीच नसती. 

आता प्रश्न तोडलाय. आधी "बहुतेक दिवस कॉलेजला कशाने येता?", बस नसेल तर थेट तासांच्या प्रश्नावर. बस असेल तर तिकीट कसं, शक्ती योजना, विद्यार्थी पास, रोज पैसे देऊन किंवा इतर. पासवाल्यांना रक्कम आणि पास किती महिन्यांचा हे दोन्ही, रोजवाल्यांना एका दिवसाचं जाण्यायेण्याचं भाडं, महिन्याचा हिशेब आम्ही करणार.

तास चुकण्याचा प्रश्न पण "नेहमी, कधीकधी, क्वचित" वरून काढला, एकाचं कधीकधी म्हणजे आठवड्यातून दोनदा तर दुसऱ्याचं महिन्यातून एकदा. आता विचारतोय की गेल्या सोमवार ते शनिवार किती दिवस पहिला तास चुकला, आणि त्यातले किती दिवस बसमुळे. त्या आठवड्यात सुट्टी नको म्हणून फॉर्म वाटायची तारीख कॅलेंडर बघूनच ठरवणार.

कागदाच्या एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड, प्रश्नांचे नंबर तेच. झेरॉक्सला द्यायच्या आधी कन्नड बाजू वर्गातल्या दोन कन्नड मुलांकडून भरून घ्यायची आहे, त्यांना कुठला बाण कुठे जातो ते न विचारता समजलं तरच छापायचं.