५१ तासांचे साडेतीन तास का दिसत होते

आमच्या ट्यूबवेलचं पाणी शेजारच्या अप्पांच्या केळीला तासावर जातं. चोपडा तालुक्यात अशी देवाणघेवाण बऱ्याच शेतांवर चालते. मोटार किती वेळ चालली ते डायरीत लिहायचं आणि आठवड्याला हिशोब करायचा. मागच्या वर्षी मी हा हिशोब एक्सेलमध्ये घेतला. दर ताशी ६० रुपये ठरलेला होता.

पहिल्या आठवड्याचे सात आकडे असे होते: 7:30, 8:00, 6:45, 8:00, 7:15, 8:00 आणि 6:00. खाली `=SUM(B2:B8)` लावलं, तर बेरीज आली 3:30. मी ते न तपासता प्रिंट काढून अप्पांना दिलं. त्यांनी कागद हातात धरला आणि म्हणाले, "हाई काय शे भो? आठवडाभर पाणी भरलं आणि तास साडेतीनच? तुझंच नुकसान होतंय." पैसे त्यांच्याकडून मला यायचे होते, तरी चूक त्यांनीच दाखवली. त्याच रात्री मी शीट उघडून बसलो.

हाताने बेरीज केली तर ५१ तास ३० मिनिटं. त्यातून दोन दिवसांचे ४८ तास वजा केले की उरतात साडेतीन. म्हणजे बेरीज बरोबरच होती, दाखवायची पद्धत चुकीची होती. एक्सेल वेळ साठवतं ती दिवसाच्या हिशोबात: २४ तास म्हणजे 1, बारा तास म्हणजे 0.5. आपले ५१:३० तास आत 2.1458 असे पडलेले असतात. सेलचं फॉरमॅट `h:mm` असेल, तर एक्सेल त्याला घड्याळातली वेळ समजतं. पूर्ण झालेले दोन दिवस बाजूला ठेवतं आणि तिसऱ्या दिवशी घड्याळात किती वाजले, तेवढंच दाखवतं.

उपाय चौकटी कंसाचा आहे. बेरजेच्या सेलवर जाऊन Ctrl+1 दाबलं, Number टॅबमध्ये Custom निवडलं आणि Type च्या चौकोनात हे लिहिलं:

```
[h]:mm
```

कंसातला h म्हणजे २४ झाले की पुन्हा शून्यावर यायचं नाही, तास मोजत राहायचं. सेलमध्ये 51:30 आलं. गूगल शीट्समध्ये हेच Format, Number, Duration असं मिळतं.

आता पैसे. `=B9*60` केलं तर 128.75 रुपये आले, कारण गुणाकार तासांचा नाही, 2.1458 दिवसांचा झाला. फॉरमॅट बदलल्याने आतली संख्या बदलत नाही, हे मला तेव्हा पक्कं कळलं. आधी दिवसांचे तास करावे लागतात:

```
=B9*24*60
```

उत्तर ३०९० रुपये. या सेलला मात्र साधं Number फॉरमॅट द्यायचं, वेळेचं नाही.

पुढे काही महिन्यांनी मी जुन्या पानांनाही तेच फॉरमॅट दिलं, रोजच्या नोंदींच्या रकान्यासकट. एका ओळीत 175:12 दिसलं. एका दिवसात पावणेदोनशे तास मोटार चालणार कशी? त्या सेलवर क्लिक केलं, तर वरच्या फॉर्म्युला बारमध्ये 07-01-1900 07:12:00 होतं. ती नोंद पुतण्याने केली होती. आपण कागदावर साडेसात ७.३० असं टिंब देऊन लिहितो, त्याने तसंच 7.30 टाइप केलं. एक्सेलने ते ७.३ दिवस धरलं. जुन्या `h:mm` मध्ये सात पूर्ण दिवस दिसेनासे होऊन 7:12 दिसत होतं आणि ते इतकं खरं वाटायचं, की महिनाभर कोणाच्या लक्षात आलं नाही. मला यातली हीच चूक सगळ्यात घातक वाटते. बेरजेतले ५१ चे साडेतीन निदान अप्पांना दिसले, 7:12 कुणाला दिसणार? म्हणून आता फक्त बेरजेच्या सेलला नाही, सगळ्या रकान्याला `[h]:mm` ठेवतो.

शिवाय नोंदीच्या रकान्याला Data टॅबमधलं Data Validation लावलं: Allow मध्ये Time, खाली between, 0:00 ते 10:00. आमच्या लाईनला थ्री-फेज सलग आठ तासांच्या वर येत नाही, म्हणून दहा पुरतात. परवा पुतण्याने 6.45 लिहून एंटर दाबलं, तर एक्सेलने नोंद घेतलीच नाही. त्याने टिंब खोडून 6:45 केलं आणि पुढची ओळ भरायला घेतली.