पहिल्या दोन वर्षांत हरवलेले ४३ लाख : पोस्ट-ऑडिटचा माझा अनुभव

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी भांडवली खर्चाच्या प्रस्तावांचे हिशेब पाहतो. प्रस्ताव मंजूर झाला की फाइल कपाटात जात असे, आणि अंदाजाप्रमाणे पैसा खरोखर आला का, हे पुढे कोणी तपासत नसे. व्यवस्थापनाने पूर्ण झालेल्या नऊ प्रकल्पांचे पोस्ट-ऑडिट माझ्याकडे सोपवले. त्यांपैकी पावडर कोटिंग लाइनचा हिशेब येथे मांडतो.

मूळ प्रस्ताव असा होता : २ कोटींची गुंतवणूक, पाच वर्षे दरवर्षी ६० लाखांची निव्वळ रोख बचत आणि १२ टक्के डिस्काउंट रेट. त्यानुसार निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे पुढच्या बचतीची या दराने काढलेली आजची किंमत वजा गुंतवणूक, ज्याला आपण एनपीव्ही म्हणतो, ते सुमारे १६ लाख रुपये धन येत होते.

प्रत्यक्ष आकडे मिळवणे हे या कामातले सर्वांत चिवट काम होते, कारण लाइन सुरू झाल्यावर तिचा खर्च कारखान्याच्या एकूण खर्चात मिसळून जातो आणि प्रकल्पाचे वेगळे खाते उरत नाही. पूर्वी आमचे भाग कोटिंगसाठी अंबडला जॉबवर्कला जात, म्हणून मी लाइनवर खरोखर कोट झालेल्या नगांना त्या वर्षीच्या जॉबवर्कच्या दराने गुणले आणि त्यातून पावडर, गॅस, सबमीटरवरची वीज आणि मजुरी वजा केली. डिस्काउंट रेट मात्र मुद्दाम १२ टक्केच ठेवला, म्हणजे जो फरक दिसेल तो केवळ रोख प्रवाहांचा असेल.

खर्च २ कोटी ४ लाख झाला होता. बचत पहिल्या वर्षी २५ लाख, दुसऱ्या वर्षी ४५ लाख आणि पुढची तिन्ही वर्षे ५८ लाख होती. एनपीव्ही सुमारे ३५ लाखांनी उणे निघाले. अंदाजापासूनच्या ५१ लाखांच्या या घसरणीत वाढीव खर्चाचा वाटा ४ लाख, शेवटच्या तीन वर्षांचा तितकाच, आणि उरलेले ४३ लाख पहिल्या दोन वर्षांचे होते.

कारण गुणवत्ता विभागाच्या फाइलमध्ये सापडले. कोटिंगची जागा बदलली की ग्राहकाकडे पीपीएपी, म्हणजे भाग ठरल्याप्रमाणे बनतो हे दाखवणारे नमुने आणि कागदपत्रे, नव्याने सादर करावे लागते आणि प्रत्येक भागाला वेगळी मंजुरी लागते. ५०० तासांची सॉल्ट स्प्रे चाचणीच एकवीस दिवस चालते, आणि नमुन्यावर गंज दिसला तर प्री-ट्रीटमेंटपासून सगळे पुन्हा करावे लागते. मंजुरी येईपर्यंत तो भाग अंबडलाच जात होता, आणि इकडे आमची लाइन अर्धी रिकामी चालत होती. प्रस्तावात मात्र पहिल्या महिन्यापासून पूर्ण उत्पादन धरलेले होते.

एका प्रकल्पावरून कल सिद्ध होत नाही. ते दुर्दैवही असू शकते. म्हणून उरलेल्या आठ प्रकल्पांतील चुका मी चिन्हासह मांडल्या. भांडवली खर्चाच्या चुका दोन्ही बाजूंना विखुरल्या होत्या, पण पहिल्या वर्षाची आवक एक अपवाद वगळता सर्वत्र अंदाजापेक्षा कमी होती. प्रत्यक्ष आणि अंदाज यांच्या गुणोत्तराचा मध्यक पहिल्या वर्षी ०.५५ आणि दुसऱ्या वर्षी ०.८० आला, तिसऱ्या वर्षापासून तो १ च्या जवळ होता. चूक एकाच दिशेने आणि एकाच जागी पुन्हा पुन्हा पडत असेल, तर तिला अतिआशावाद म्हणावे लागते.

बैठकीत डिस्काउंट रेट १५ टक्के करावा, अशी सूचना आली. मला ती ठामपणे अमान्य होती. १५ टक्के दराने याच प्रस्तावाचे एनपीव्ही सुमारे १ लाख धन येते, म्हणजे तो तेव्हाही मंजूर झाला असता. शिवाय वाढीव दर पहिल्या वर्षाच्या आवकेचे मूल्य अडीच टक्क्यांच्या आसपास आणि पाचव्या वर्षाच्या आवकेचे बारा टक्क्यांहून अधिक घटवतो; आमची चूक नेमकी उलट टोकाला होती. त्याऐवजी मूळ अंदाजाला ०.५५ आणि ०.८० हे गुणक लावले, तर एनपीव्ही सुमारे १७ लाखांनी उणे येते. प्रत्यक्ष तूट त्याहूनही मोठी होती, पण मंजुरीपूर्वी हा प्रश्न विचारायला एवढे पुरेसे होते.

या गुणकांना मर्यादा आहेत. आठ प्रकल्प ही संख्या लहान आहे. तसेच आपण फक्त मंजूर प्रस्ताव तपासतो, आणि ज्यांचे अंदाज योगायोगाने चढे निघाले तेच सहज मंजूर होतात. त्यामुळे दिसणारा सगळा आशावाद प्रस्ताव मांडणाऱ्याचा नसतो. म्हणूनच अहवालात मी कोणाच्याही नावासमोर चुकीचा आकडा लिहिला नाही. तसे केले असते तर पुढच्या प्रस्तावांत लोकांनी अंदाज मुद्दाम खाली धरले असते आणि आमची जुनी गुणोत्तरे निरुपयोगी झाली असती.

आता हे गुणक प्रस्तावाच्या एक्सेल शीटमध्ये आपोआप लागतात. ते बदलायचे असतील तर भागवार मंजुरीचे वेळापत्रक आणि ग्राहकाचे पत्र जोडावे लागते. नव्या लेसर कटिंग मशीनच्या प्रस्तावात उत्पादन प्रमुखांनी अशी पत्रे आणली आणि सर्वाधिक खपाचे भाग मंजुरीसाठी आधी पाठवायचे ठरवले, म्हणून त्यांना पहिल्या वर्षासाठी ०.७० मंजूर झाला.