कर्ज काढून गुंतवणूक: सहाव्या हप्त्यापर्यंतचा अनुभव

माझ्या भाच्याचे वैयक्तिक कर्ज मुदतीपूर्वी बंद करण्यासाठी मार्च 2025 मध्ये इंदूरच्या राजवाडा भागातील एका खासगी बँकेच्या शाखेत मला त्याच्यासोबत बसावे लागले. पैसे खात्यात तयार असताना ते घेण्यास बँक राजी नसते, हा प्रकार त्या वेळी प्रथमच पाहिला आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. परंतु हे कर्ज मुळात कशासाठी काढले होते, ते आधी सांगणे आवश्यक आहे.

सप्टेंबर 2024 मध्ये शेअर बाजार तेजीत होता आणि निफ्टीने 26,000 चा टप्पा ओलांडला होता. भाच्याला पगाराच्या खात्यावर 14 टक्के दराने, तीन वर्षांच्या मुदतीचे 5 लाखांचे कर्ज मंजूर झाले आणि त्याने ते घेऊन सगळी रक्कम मिडकॅप व स्मॉलकॅप अशा दोन म्युच्युअल फंडांत एकरकमी गुंतवली. त्याचा हिशेब असा होता की हप्ता 17,089 रुपये, म्हणजे तीन वर्षांत एकूण 6,15,200 रुपये भरायचे. फंडाने महिन्याला दीड टक्का, म्हणजे वर्षाला अठरा टक्क्यांच्या आसपास दिले तर 5 लाखांचे साडेआठ लाख होतील. आणि मधले सुमारे 2,39,000 रुपये निव्वळ नफा. त्याने तो तक्ता मला मोबाइलवर दाखवला तेव्हा आकडेमोडीत एकही चूक नव्हती.

गफलत होती ती तुलनेत. दरमहा 17,089 रुपये भरायचे होते ते त्याच्या पगारातून, फंडातून नव्हे. मग ज्याच्या पगारातून तीन वर्षे एवढी रक्कम बाजूला पडू शकते, त्याने कर्ज न काढता तीच रक्कम त्याच फंडांत एसआयपीने भरली तर काय होते, हा खरा प्रश्न. महिन्याला दीड टक्का धरला तर एसआयपीचे सुमारे 8,08,000 होतात. कर्जाच्या बाजूने हातात पूर्ण 5 लाख आलेच नव्हते, कारण दोन टक्के प्रक्रिया शुल्क आणि त्यावरचा जीएसटी मिळून 11,800 रुपये आधीच वजा झाले होते. उरलेल्या 4,88,200 रुपयांचे त्याच दराने 8,34,000 होतात. म्हणजे बाजाराने सलग तीन वर्षे मनासारखी साथ दिली तरी कर्ज काढण्याचा जादा लाभ सव्वीस हजारांच्या आसपास, तोही करापूर्वी. तक्त्यातले बाकीचे दोन लाख कर्जाने कमावलेले नव्हते. ते त्याच्याच पगाराच्या बचतीवरचे उत्पन्न होते. महिन्याला एकच टक्का धरला तर चित्र उलटे होते: एसआयपीचे सुमारे 7,36,000 आणि कर्जाच्या पैशांचे सुमारे 6,98,500. शुल्क जमेस धरले तर त्या कर्जाचा खरा दर 14 नसून सुमारे 15.7 टक्के पडतो आणि फंडाचा परतावा त्याच्या खाली आला की कर्ज तोट्याचे ठरते.

या हिशेबात बाजार दरमहा सारखाच चढतो असे धरले आहे, जे कधीच घडत नाही. मार्चच्या सुरुवातीला निफ्टी 22,100 च्या आसपास होता आणि मिडकॅप-स्मॉलकॅप त्याहून जास्त पडले होते. भाच्याचे 4,88,200 रुपये सुमारे 3,90,000 वर आले होते. नुसती घसरण असती तर थांबता आले असते. पण त्याच सुमारास घरच्यांनी महालक्ष्मीनगर भागात फ्लॅट पाहिला आणि गृहकर्जाच्या अधिकाऱ्याने पहिल्याच भेटीत सांगितले की चालू हप्ता उत्पन्नातून वजा होईल. नऊ टक्के दराच्या वीस वर्षांच्या गृहकर्जाला लाखामागे साधारण 900 रुपये हप्ता पडतो. त्यामुळे 17,089 रुपयांच्या एका हप्त्याने गृहकर्जाची पात्रता जवळपास 19 लाखांनी घटली. हे कलम कोणत्याही परताव्याच्या तक्त्यात नसते. वैयक्तिक कर्ज बंद करा, मग फाईल आणा, असे उत्तर मिळाले.

येथून बँकेचा प्रवास सुरू झाला. शाखेतील कर्ज विभागाच्या खिडकीवर आम्हाला सांगण्यात आले की कर्जबंदीचे पत्र, ज्यात नेमकी देय रक्कम असते, ते सात दिवसच चालते. म्हणून रक्कम आधी खात्यात आणा आणि मग अर्ज द्या. हे ऐकण्यास योग्यच वाटले, कारण इक्विटी फंडाचे युनिट विकल्यावर पैसे यायला दोन कामकाजाचे दिवस लागतात. त्याप्रमाणे 4 मार्चला युनिट विकले. वर्ष पूर्ण झाले नव्हते, म्हणून एक टक्का निर्गमन भार कापला गेला आणि हातात सुमारे 3,86,600 रुपये आले. उरलेली रक्कम भाच्याने स्वतःच्या बचतीतून जोडली.

अर्ज घेऊन आम्ही पुन्हा गेलो तेव्हा त्याच खिडकीवरच्या त्याच गृहस्थांनी संगणकात पाहून सांगितले, "छह किस्त के पहले सिस्टम लेगा ही नहीं." भाच्याचे पाचच हप्ते गेले होते आणि सहावा 20 मार्चला होता. ही अट करारपत्राच्या बारीक अक्षरांत होती, हे खरे. पण पैसे आधी आणा म्हणताना ती ज्यांना दिसायला हवी होती त्यांना दिसली नाही. मी शाखा व्यवस्थापकांकडे गेलो. त्यांनी कर्ज केंद्राकडे बोट दाखवले, कर्ज केंद्राने ग्राहक सेवेकडे, आणि ग्राहक सेवेने ईमेल करा असे सांगितले. ईमेलला आलेल्या उत्तरात पुन्हा शाखेत जाण्याची सूचना होती.

त्या काळात काय चालले होते ते पाहा. शिल्लक मुद्दल 4,42,000 च्या आसपास होते आणि त्यावर दिवसाला सुमारे 170 रुपये व्याज चढत होते. विकलेल्या युनिटांचे पैसे बचत खात्यात पडून होते, जिथे त्यांना मिळणारे व्याज त्याच्या पासंगालाही पुरत नव्हते. आणि बाजार वर जात होता: 24 मार्चला निफ्टी 23,600 च्या पुढे बंद झाला, म्हणजे आम्ही युनिट विकले त्या दिवसापेक्षा जवळपास सात टक्के वर. तेवढीच वाढ भाच्याच्या फंडांत धरली तर 27,000 रुपये हातचे गेले. हा तोटा बाजाराच्या घसरणीतला नाही, चढणीतला आहे, आणि कर्जाने गुंतवणूक करणाऱ्यालाच तो होतो. कारण युनिट केव्हा विकायचे हे त्याचा हप्ता, त्याची बँक आणि त्याची दुसरी गरज मिळून ठरवतात. स्वतःच्या बचतीतून गुंतवणूक केलेला माणूस घसरणीत एसआयपी थांबवू शकतो किंवा नुसता बसून राहू शकतो. हप्ता मात्र थांबत नाही. तो चुकला तर दंड लागतो आणि पतअहवालात नोंद होते.

19 मार्चला रंगपंचमी होती. गेर, म्हणजे इंदूरची रंगपंचमीची मिरवणूक, निघणार म्हणून राजवाड्याकडे जाणारे रस्ते बंद होते आणि तो दिवस असाच गेला. 20 तारखेला हप्ता वजा झाला, पण तो प्रणालीत चढल्याशिवाय पत्र निघणार नव्हते. त्यात 22 तारखेचा चौथा शनिवार आला. अखेर सोमवारी पत्र हाती पडले. मुद्दल सुमारे 4,30,500, त्यावर चार टक्के बंद शुल्क आणि त्या शुल्कावर अठरा टक्के जीएसटी मिळून आणखी 20,300 रुपये. एकूण सुमारे 4,50,800.

घरी येऊन मी वहीत हिशेब मांडला. फंडात आणि निर्गमन भारात मिळून 1,01,600 गेले, सहा हप्त्यांतले व्याज 33,000, प्रक्रिया शुल्क 11,800 आणि बंद शुल्क 20,300. बेरीज 1,66,700. भाच्याने सहा महिन्यांत 1,02,500 रुपयांचे हप्ते भरले होते आणि शेवटी बचतीतून 64,200 घातले. तीही बेरीज तीच येते. यातला सर्वात मोठा आकडा बाजाराचा आहे हे मान्य. पण बाकीचे 65,000 बाजार तसूभर हलला नसता तरी गेलेच असते.

ज्यांना कर्ज घ्यायचेच आहे त्यांच्यासाठी, आता आठवले म्हणून सांगतो: 1 ऑक्टोबर 2024 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नव्या किरकोळ कर्जासोबत मुख्य तथ्य विवरणपत्र देणे बंधनकारक आहे आणि त्यात शुल्कासह पडणारा वार्षिक दर छापलेला असतो. तुलना त्या दराशी करावी, जाहिरातीतल्या दराशी नव्हे. आमचे कर्ज त्याच्या काही दिवस आधीचे. बंद शुल्क किती आणि किमान किती हप्ते, हे सही करण्यापूर्वी विचारून लेखी घ्यावे. करारपत्रात कर्ज सट्ट्यासाठी किंवा शेअर बाजारासाठी वापरू नये असे कलमही बहुधा असते, ते वाचावे. आणि कर्ज बंद करायचे असेल तर युनिट विकण्यापूर्वी ते आज बंद होऊ शकते का, हे ईमेलवर विचारून उत्तर हातात ठेवावे. खिडकीवरच्या शब्दावर एकही युनिट विकू नये. बँकेने तक्रारीला तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. आम्ही ते केले नाही, कारण गृहकर्जाची घाई होती.

पैसे भरून काम संपले असे समजू नये. ना हरकत प्रमाणपत्र मागून घ्यावे लागते, हप्ता आपोआप वजा करण्याचा आदेश रद्द झाला की नाही ते स्वतः तपासावे लागते, आणि पतअहवालात खाते बंद दिसायला आणखी काही आठवडे जातात. गृहकर्जाच्या अधिकाऱ्याने आमच्याकडून तो अहवालच मागितला. कर्ज बंद झाल्याचे पत्र, ना हरकत प्रमाणपत्र आणि रक्कम वजा झाल्याचे खाते उतारे असे तीन कागद जोडल्यावर त्याने फाईल पुढे पाठवली. खाते बंद दाखवण्यासाठी पतअहवाल देणाऱ्या कंपनीकडे तक्रार करावी लागली तर तिची पोच जपून ठेवावी, कारण तीस दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मागता येते.